फोटो वापरू का? परवानगीच्या एका पत्राची गोष्ट

पुण्यातल्या आमच्या वाचनालयाने पानशेतच्या पुराच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत सगळे एका फोटोवर अडले. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचाही बांध गेला आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. फोटो त्यानंतरचा होता. नारायण पेठेतल्या एका वाड्याचा दरवाजा, भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ, आणि उंबऱ्याशी चिखलात आडवं पडलेलं शिवणयंत्र. एका सभासदाच्या मोबाइलवर तो कुठल्याशा ग्रुपमधून आला होता. ‘छापून टाकू, खाली साभार लिहू,’ असं ते म्हणाले. कुणाचे साभार, यावर थोडा विचार करून म्हणाले, ‘सोशल मीडिया.’

संपादन माझ्याकडे होतं, म्हणून ही कटकटही माझ्याकडे आली. त्या पुस्तकासाठी मी तीन तऱ्हेच्या परवानग्या मागितल्या: या फोटोची, एका खासगी पत्रातल्या काही ओळींची, आणि एका संशोधिकेने घेतलेल्या पूर-उंचीच्या आकड्यांची. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते फोटोच्या पत्रातून, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

आधी तो ‘साभार’ बाजूला काढू. श्रेय देणं आणि परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. श्रेय छापल्याने चित्र कुणाचं ते वाचकाला कळतं. ते वापरायचा अधिकार मात्र मालकाने दिल्याशिवाय आपल्याकडे येत नाही. उलटंही खरं आहे. मालकाने हक्क पूर्ण विकून टाकले तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने शाबूत ठेवला आहे. म्हणून पैसे मोजून परवानगी घेतली तरी नाव गाळायची मुभा मिळत नाही.

विचारायचं कुणाला?

पत्र लिहायला बसण्याआधीचा हा प्रश्न बऱ्याच जणांचा चुकतो, कारण आपण फोटोचा कागद ज्याच्याकडे आहे त्याला मालक समजतो. अल्बम आत्याकडे असला म्हणजे आत्याला विचारलं की झालं, असं वाटतं. कायदा कागद आणि हक्क वेगळे धरतो. फोटोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो काढणारा असतो. पण मोठा अपवाद असा की, कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नात स्टुडिओवाल्याला बोलावून काढलेल्या फोटोंचे मालक त्याला पैसे देणारे यजमान, स्टुडिओ नव्हे. पुष्कळ स्टुडिओवाल्यांनाही हे ठाऊक नसतं आणि ते खुशाल परवानगी देऊन टाकतात.

वर्तमानपत्रातल्या नोकरदार छायाचित्रकाराचं आणखी निराळं. वर्तमानपत्र-मासिकात छापण्यापुरती मालकी मालक-संस्थेची. बाकी वापरासाठी, वेगळा करार नसेल तर, ती छायाचित्रकाराची. पुस्तकासाठी असा फोटो हवा असेल तर मी दोघांनाही पत्र लिहिते. एकाने ‘आमच्याकडे नाही, त्यांना विचारा’ असं लेखी कळवलं तरी आपलं काम होतं.

आमच्या फोटोच्या मागे कुणाचा शिक्का आहे हे मोबाइलवरच्या चित्रातून कळणं शक्यच नव्हतं. ग्रुपमध्ये तो कुणी टाकला, त्यांना कुठून मिळाला, असं विचारत गेल्यावर चौथ्या माणसाकडे मूळ प्रत निघाली. मागे जांभळ्या शाईत स्टुडिओचं नाव होतं. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, पण त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने छायाचित्रकाराच्या मुलीचा पत्ता दिला. तिच्या वडिलांनी त्या आठवड्यात कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून गल्ल्यांतून फिरून फोटो काढले होते. कुणी पैसे दिले नव्हते. म्हणजे मालक वडील, आणि १९८८ साली ते गेल्यावर त्यांचे वारस.

इथे आमच्या खजिनदारांनी शंका काढली. ‘साठ वर्षं झाली की फोटो मोकळा होतो ना? मग २०२१ संपल्यावर कुणाला विचारायची गरजच काय?’ शंका निराधार नव्हती. फोटो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, असा नियम खरंच होता. पण २०१२च्या दुरुस्तीत तो काढून टाकला. आता फोटोला चित्रकाराच्या चित्रासारखाच हिशेब लागतो: कर्त्याचं आयुष्य, आणि मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून पुढे साठ वर्षं. छायाचित्रकार १९८८मध्ये गेले, तर मोजणी १ जानेवारी १९८९पासून, आणि मुदत ३१ डिसेंबर २०४८पर्यंत. २०१२मध्ये जुन्या नियमाने हक्क जिवंत होता, त्यामुळे नवी मुदत लागते असं धरूनच चालणं शहाणपणाचं.

मुलीला एक भाऊ होता, परदेशात. वारस एकापेक्षा जास्त असले तर एकाची सही पुरत नाही. पत्रात तसं सरळ विचारावं, म्हणजे पुढे भावाबहिणींत आपल्यामुळे कुरबुर होत नाही.

पत्र

मी आधी फोन केला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला एकदम कायदेशीर वाटणारा कागद पाठवला तर तो घाबरून बाजूला ठेवतो. फोनवर ओळख करून दिली, वडिलांबद्दल बोललो, पत्र पाठवते असं सांगितलं. पण फोनवरचा होकार मी होकार धरला नाही, कारण कायद्याला परवाना लेखीच लागतो. २०१२पूर्वी त्यावर सहीही लागायची. आता तो शब्द कलमात राहिलेला नाही, त्यामुळे ईमेलनेही काम भागतं. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, हे पत्र गेलं:

> स. न. वि. वि.
>
> काल फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. आमचं वाचनालय पानशेतच्या पुराच्या आठवणींचं पुस्तक काढत आहे. आपल्या वडिलांनी जुलै १९६१मध्ये नारायण पेठेत काढलेला फोटो (छोटी प्रत सोबत जोडली आहे) त्यात घ्यावा अशी इच्छा आहे.
>
> फोटो आतल्या पानावर, अर्ध्या पानाच्या आकारात, आहे तसा कृष्णधवल छापू. कडा कापणार नाही, रंग भरणार नाही. पुस्तक मराठीत, १६० पानांचं, किंमत २५० रुपये, पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती. याच पुस्तकाची ई-आवृत्ती आणि पुढच्या आवृत्त्या यांसाठीही परवानगी मागत आहोत; ती मुदतीच्या मर्यादेविना आणि भारतात व भारताबाहेर विक्रीसाठी असावी. मुखपृष्ठ, निमंत्रणपत्रिका, फलक वा जाहिरात यांसाठी फोटो हवा झाला तर वेगळं विचारू.
>
> फोटोखाली “छायाचित्र: (वडिलांचं नाव), १९६१. (आपलं नाव) यांच्या संग्रहातून” असं छापायचा विचार आहे. नावं कशी लिहावीत ते कृपया आपल्या हाताने लिहून द्यावं.
>
> वाचनालयाला मानधन देणं शक्य नाही. प्रकाशनानंतर दोन प्रती पोचवू. फोटोचे हक्क आपल्याकडेच राहतील आणि आपण तो इतर कुणालाही देऊ शकाल. परवानगीसाठी आपल्याखेरीज आणखी कुणाची संमती लागत असल्यास कळवावं.
>
> आपलं उत्तर १० मेपर्यंत मिळालं तर फोटो पुस्तकात घेता येईल. तोवर न मिळाल्यास ते पान फोटोशिवाय लावू.
>
> कळावे, लोभ असावा.

खाली माझं नाव, फोन, आणि त्याखाली एक वाक्य छापलं होतं: ‘वर लिहिलेल्या वापरास माझी / आमची परवानगी आहे.’ त्यापुढे सही, तारीख आणि श्रेयात हवी तशी नावं लिहायला जागा. पत्र दोन प्रतींत, सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. उत्तर द्यायला समोरच्याला जितकं कमी लिहावं लागेल तितकं ते लवकर येतं.

हेतू म्हणजे नुसतं ‘पुस्तकासाठी’ नव्हे

‘एका उपक्रमासाठी आपला फोटो वापरायचा आहे’ अशी पत्रं मी पाहिली आहेत, आणि पूर्वी स्वतःही लिहिली आहेत. त्याचं फळ असं की, वाचनालयाच्या एका जुन्या स्मरणिकेसाठी आम्ही एका कुटुंबाकडून त्यांच्या आजोबांचा फोटो घेतला. त्यांनी आनंदाने दिला. प्रकाशनाच्या दिवशी ते कुटुंब सभागृहाच्या दाराशी आलं आणि बघतं तर आजोबा दहा फूट उंच फलकावर, आणि त्यांच्या छातीवर प्रायोजकाचं बोधचिन्ह. फलक करणाऱ्या मुलाला स्मरणिकेच्या फोल्डरमधला उठून दिसणारा फोटो तोच वाटला होता. आमच्याकडे परवानगी होती, पण कशासाठी होती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या घरातल्या काकू माझ्याशी अजून जेमतेम बोलतात.

म्हणून पत्रात ‘मुखपृष्ठ, निमंत्रणपत्रिका, फलक वा जाहिरात’ हे शब्द आले. हेतू लिहायचा म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांपुढे छापलेलं पान उभं करायचं. फोटो कुठल्या पानावर, केवढा, रंगीत की कृष्णधवल, शेजारी काय असणार, किती प्रती, किंमत आहे की फुकट वाटणार. किंमत सांगायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. पुस्तक विकणार आहोत हे नंतर कळलं तर मात्र फसवल्यासारखं वाटतं, मग नफा झाला असो वा नसो.

त्या परिच्छेदातलं ‘मुदतीच्या मर्यादेविना’ आणि ‘भारताबाहेर’ हे शब्द मात्र कायद्यामुळे आले आहेत. लेखी परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९मधला हक्क-हस्तांतरणाचा हा नियम कलम ३० क परवान्यांनाही लावतं. स्मरणिका एकदाच निघते आणि संपते, तिथे हे जाणवत नाही. पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती सातव्या वर्षी निघाली, किंवा ई-पुस्तक न्यू जर्सीतल्या कुणी विकत घेतलं, की आपल्या हातातला सहीचा कागद तिथवर पुरत नाही. एका ओळीने सुटणारी अडचण आहे. समोरच्याला अमर्याद मुदत नको असेल तर तो दहा वर्षं लिहील. तेही चालेल, आकडा ठरला म्हणजे झालं.

मागतानाही हात आखडता ठेवावा. ‘सर्व माध्यमांत, सर्व प्रकारे, कायमस्वरूपी’ असं मोठ्या प्रकाशनांच्या छापील नमुन्यांत असतं आणि लोक ते उचलून आपल्या पत्रात चिकटवतात. दीडशे पानी पुस्तकासाठी जग मागितलं की समोरचा वकिलाला दाखवतो, आणि मग उत्तर येत नाही. गरज असेल तेवढंच मागा. ई-आवृत्तीचा विचार डोक्यात असेल तर मात्र आत्ताच मागा.

श्रेयाची ओळ

‘छायाचित्र’, ‘संग्रह’, ‘सौजन्य’ आणि ‘साभार’ हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. मी असा भेद करते: ज्याने काढला तो ‘छायाचित्र’पुढे, ज्याने जपला तो ‘संग्रहातून’, आणि एखाद्या संस्थेने तिच्या ताब्यातली प्रत वापरू दिली तर ‘सौजन्य’. ‘साभार’ हा शब्द आधी दुसरीकडे छापून आलेला मजकूर परवानगीने पुन्हा छापताना शोभतो. हा भेद कायद्यात नाही, पण वाचकाला त्यातून फोटोचा प्रवास कळतो, आणि पुढच्या संपादकाला कुणाला विचारायचं ते कळतं. आम्हाला चार माणसं फिरावं लागलं, कारण आधी कुणीतरी हा फोटो बिननावाने छापला होता.

नाव त्यांच्या हाताने लिहून घ्यायचं कारणही तसंच. आपण ऐकून लिहितो तेव्हा ‘कै.’ लावायचं का, वडिलांचं नाव मध्ये हवं का, माहेरचं आडनाव की सासरचं, हे सगळं आपणच ठरवून टाकतो. उत्तरात छायाचित्रकाराच्या मुलीने वडिलांच्या नावाआधीचं ‘कै.’ काट मारून खोडलं होतं आणि आपल्या नावापुढे माहेरचं आडनाव लिहिलं होतं. फोटोखाली बापलेक दोघं एकाच आडनावाने यावेत, अशी तिची इच्छा. मला हे सुचलं नसतं.

आणि ओळ फोटोखालीच हवी. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘छायाचित्रे:’ म्हणून सात नावं एकामागे एक लिहिली तर कुठला कुणाचा हे कळत नाही. पानरचना करणाऱ्याला ती ओळ नेहमी खुपते आणि तो ती घडीकडे ढकलतो. शेवटच्या प्रूफात ती शाबूत आहे का हे आपण स्वतः बघायचं.

तारीख उलटी मोजायची

१० मे ही तारीख हवेतून आली नव्हती. प्रकाशन १२ जुलैला, कारण तोच दिवस. छापखान्याला छपाई-बांधणीसाठी महिना हवा होता, म्हणजे अंतिम फाइल १० जूनला. त्याआधी दोन प्रूफं, म्हणजे पानं २५ मेपर्यंत लागलेली हवीत. फोटो गळला तर ते पान नव्याने लावायला आणि पर्यायी चित्र शोधायला दोन आठवडे. म्हणून १० मे. पत्र ६ एप्रिलचं, म्हणजे समोरच्याला जवळपास पाच आठवडे मिळाले. भाऊ परदेशात असेल तर तेवढे लागतातच.

‘लवकरात लवकर कळवावे’ असं लिहिलं की उत्तर सगळ्यात उशिरा येतं. तारीख हवी, आणि त्या तारखेमागचं कारणही कळायला हवं. ‘तोवर न मिळाल्यास ते पान फोटोशिवाय लावू’ हे वाक्य धमकी नाही. काय होणार आहे ते त्यात सांगितलं आहे, आणि उत्तर द्यायचं नसलेल्या माणसाला गप्प राहायची मोकळीकही दिली आहे.

याच्या अगदी उलट वाक्य पुष्कळ पत्रांत दिसतं: ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास आपली परवानगी आहे असे गृहीत धरू.’ हे लिहायला सोपं आणि पूर्णपणे निरुपयोगी. परवाना मालकाने लेखी द्यायचा असतो. त्याच्या गप्प बसण्यातून तो तयार होत नाही. शिवाय पत्र पोचलंच नाही, स्पॅममध्ये गेलं, ते आजारी होते, असं काहीही असू शकतं. वर ते वाक्य आपल्याच विरुद्ध पुरावा ठरतं: परवानगी लागते हे आपल्याला ठाऊक होतं, आणि ती नसताना आपण छापलं.

मधे एकच आठवण करायची. मी २७ एप्रिलला केली, दोन ओळींची, मूळ पत्र पुन्हा जोडून. रोज फोन करणारा संपादक होकार मिळवतो कधीकधी, पण तो होकार सुटका करून घेण्यासाठी दिलेला असतो, आणि असे होकार पुढे मागे घेतले जातात.

पत्रातल्या ओळी आणि संशोधिकेचे आकडे

दुसरी परवानगी उद्धरणाची. पुरानंतर घर गेलेल्या एका बाईंनी मुंबईला बहिणीला लिहिलेलं पत्र बहिणीच्या नातवाकडे होतं. त्याने ते आम्हाला दिलं आणि ‘छापा’ म्हणाला. पण पत्र मिळालेल्याकडे कागदाची मालकी असते. त्यातल्या शब्दांचा हक्क लिहिणारीचा, आणि नंतर तिच्या वारसांचा. म्हणून बाईंच्या गोखलेनगरात राहणाऱ्या मुलाला पत्र लिहिलं.

त्यात एक गोष्ट फोटोच्या पत्राहून वेगळी केली. ‘आपल्या आईच्या पत्रातला काही भाग’ असं न लिहिता हव्या त्या सहा ओळी जशाच्या तशा उतरवून दिल्या, आणि पुस्तकात त्यांच्या आधी व नंतर आमची कुठली वाक्यं येणार तीही दिली. उद्धरणात शब्द बरोबर असूनही अर्थ वाकवता येतो, आणि लोकांना भीती त्याचीच असते. मुलाने ओळी वाचल्या आणि एका शेजाऱ्याचं नाव गाळायला सांगितलं, कारण त्यात उसने घेतलेल्या पैशांचा उल्लेख होता. आम्ही तिथे तीन टिंबं टाकली. शेजाऱ्याचं घर अजून त्याच पेठेत आहे.

छापील पुस्तकातल्या दोनचार ओळी समीक्षेत घेतल्या तर मात्र अशी पत्रापत्री लागत नाही. टीका वा परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा ५२व्या कलमात आहे. ‘अडीचशे शब्दांपर्यंत चालतं’ किंवा ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ असं लोक सांगतात, पण त्या कलमात असा आकडा नाही. कशासाठी घेतलं आणि मूळ कृतीच्या मानाने किती घेतलं, हे पाहिलं जातं. आठ ओळींची कविता सजावट म्हणून अख्खी छापली तर शब्द पन्नासच असले तरी ती पूर्ण कृती आहे, तिथे विचारावंच लागतं.

तिसरी परवानगी आकड्यांची. एका संशोधिकेने जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या पूर-रेघा मोजून तक्ता आणि नकाशा केला होता. तिचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, त्यामुळे आमच्यातल्या एकाला वाटलं, तो सगळ्यांसाठी खुलाच आहे. वाचायला खुला, हे खरं. छापायला खुला म्हणायचं तर तसा परवाना त्यावर लिहिलेला हवा.

इथे हक्काची वाटणी जरा बारीक आहे. ‘या वाड्यापाशी पाणी इतके फूट चढलं’ ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. पण नकाशा ही तिची कृती, आणि तक्त्यात काय निवडलं, कसं लावलं यात स्वतःची बुद्धी दिसत असेल तर ती मांडणीही. त्यामुळे एक आकडा वाक्यात घेऊन तिचा उल्लेख केला तर परवानगीचा प्रश्न येत नाही. नकाशा छापायचा तर येतो, आणि ट्रेसिंग करून ‘आपला’ केलेला नकाशाही सुटत नाही.

मी आकड्यांसाठीही विचारलं, आणि विचारलं म्हणून वाचले. पत्रात कुठला तक्ता, कुठल्या ओळी, आणि फुटांचे मीटर करून एका दशांशापर्यंत देणार आहोत, असं सगळं लिहिलं होतं. तिचं उत्तर तीन दिवसांत आलं: परवानगी आहे, पण या उंच्या आजच्या रस्त्यापासून मोजल्या आहेत. १९६१नंतर डांबराचे थर चढून काही गल्ल्यांत रस्ता वर आला आहे, म्हणजे तिथे पाणी प्रत्यक्षात तक्त्यातल्या आकड्यापेक्षा जास्त चढलं होतं. तक्ता छापाल तर ही टीप त्याच्याखाली हवी. शिवाय दोन ओळी तिने नंतर दुरुस्त केल्या होत्या, त्या दुरुस्त तक्त्यासह पाठवल्या. श्रेयाच्या ओळीत म्हणून आम्ही नावाबरोबर ‘सुधारित तक्ता’ असं लिहून तिने तो पाठवल्याची तारीख घातली. आकड्यांच्या श्रेयात तारीख नसेल तर कुठली आवृत्ती वापरली हे पुढच्याला कळायचा मार्ग उरत नाही.

१० मे

परदेशातल्या भावाचं उत्तर ८ मेला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: अंगठा. नुसता अंगठा. मी त्याला लिहिलं, ‘दादा, कृपया एवढं वाक्य पाठवाल का: ६ एप्रिलच्या पत्रात लिहिलेल्या वापरास माझी परवानगी आहे.’ वाक्य आलं, त्याचा स्क्रीनशॉट पत्राच्या प्रतीला जोडून फाइलमध्ये लावला. मूळ फोटोची प्रत मुलीच्या घरीच स्कॅन केली. अल्बममधून ओढून काढली असती तर मागचा काळा कागद फोटोला चिकटून आला असता, म्हणून पानासकटच यंत्रावर ठेवली.

ग्रुपवर फिरणारी प्रत आणि ही मूळ प्रत शेजारी ठेवल्यावर दिसलं की फिरणाऱ्या चित्राचा डावा भाग कुणीतरी कापला होता. मूळ फोटोत शिवणयंत्राच्या पलीकडे, दाराच्या चौकटीला टेकून, एक दहा-बारा वर्षांचा मुलगा उभा आहे. कडा कापणार नाही असं पत्रात लिहिलं होतं, म्हणून तोही छापला गेला. तो कोण, हे छायाचित्रकाराच्या मुलीलाही ठाऊक नाही.